ऊर्जा म्हणते थांबणार, संगणक म्हणतो फिरत राहणार. खरं कोण?

रावपुरा_चार

मंडळी, एम.एस्सी.ला आहे (गणित, बडोदा). शुक्रवारी सेमिनार आहे आणि मी चांगलाच अडकलोय.

समीकरण साधं आहे: `x'' + (x')^3 + x = 0`. म्हणजे स्प्रिंगला बांधलेलं वजन, फक्त विरोध वेगाच्या घनाच्या प्रमाणात. `y = x'` धरलं की `x' = y`, `y' = -x - y^3`. समतोल बिंदू एकच, (0,0). तिथे लिनिअरायझेशन केलं तर `y^3` गळून पडतो आणि आयगेनव्हॅल्यू `+i`, `-i` मिळतात. वास्तव भाग शून्य, म्हणून लिनिअरायझेशनवरून काहीच ठरत नाही. इथवर सरांना मान्य.

मग मी ऊर्जा घेतली. `V = (x^2 + y^2)/2`. हिचा काळाप्रमाणे बदल काढला तर `V' = xy + y(-x - y^3) = -y^4`. कधीच धन नाही. म्हणजे ऊर्जा वाढत नाही, बिंदू स्थिर आहे. छान.

पण काल रात्री वाटलं, सेमिनारला एक चित्रही दाखवावं, म्हणून पायथनमध्ये चालवून बघितलं:

```
h = 0.01
x, y = 0.1, 0.0
for n in range(50000):
    x, y = x + h*y, y - h*(x + y**3)
print((x*x + y*y)**0.5)
```

उत्तर 0.115 च्या आसपास. सुरुवात 0.1 ला केली होती, म्हणजे अंतर वाढलं! मग 0.5 पासून सुरू केलं. ते आत आलं आणि पुन्हा 0.115 लाच थांबलं. बाहेरून या किंवा आतून या, सगळे त्याच वर्तुळावर. पुस्तकात लिमिट सायकलचं चित्र असतं ना, हुबेहूब तसं.

आता ऊर्जा सांगते की वाढ शक्यच नाही आणि संगणक वाढ दाखवतो. माझ्या सिद्धतेत चूक कुठे आहे?

---

सेवउसळ

शीर्षक वाचून वाटलं वीजबिलाचा धागा आहे. आलोच होतो तावातावाने. असो, वाचतोय.

---

अनिकेत_फतेगंज

आयगेनव्हॅल्यू `±i` म्हणजे सेंटर. सेंटरभोवती कक्षा बंद असतात, त्यामुळे तुझं चित्र बरोबरच आहे, वर्तुळ दिसणारच. एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

---

रावपुरा_चार

अनिकेत, सेंटर असतं तर 0.1 पासून निघालेलं 0.1 वरच फिरलं असतं आणि 0.5 वालं 0.5 वर. इथे दोघं एकाच वर्तुळावर येतायत. शिवाय `y^3` चं चिन्ह उलटं केलं, `y' = -x + y^3`, तरी आयगेनव्हॅल्यू तेच `±i`. तेव्हा `V' = +y^4` येतो, ऊर्जा वाढते. एकाच लिनिअरायझेशनमधून दोन विरुद्ध गोष्टी निघतात, मग `±i` वरून सेंटर कसं म्हणणार?

---

अनिकेत_फतेगंज

हां, हा मुद्दा पटला. पण मग तुझी सिद्धता तर पूर्ण आहे की. `V' <= 0`, म्हणजे V कमी होत होत शून्यावर जाणार. सगळं मूळबिंदूत येऊन थांबणार. पायथनचं काय ते बघ.

---

मृण्मयी

रोज हेच शिकवते म्हणून उशिरा का होईना, लिहितेच. इथे दोन वेगळ्या गाठी आहेत, त्या एकत्र ओढल्या तर आणखी आवळतील. आधी पायथनची सोडवू.

रावपुरा, तुझ्या सिद्धतेत चूक नाही. तुझ्या लूपमध्येही टायपिंगची चूक नाही. पण तो लूप तुझं समीकरण सोडवतच नाहीये, त्याच्या शेजारचं एक समीकरण सोडवतोय. तू ऑयलरची साधी पद्धत वापरली आहेस: या क्षणीचा वेग धरायचा आणि `h` इतकं सरळ पुढे जायचं. वर्तुळावर उभं राहून स्पर्शिकेच्या दिशेने पाऊल टाकलं तर माणूस वर्तुळाच्या किंचित बाहेर पडतो. दर पावलाला.

हे तुझ्याच V ने मोज. एका पावलात V किती बदलतो ते कागदावर मांडलंस तर असं येईल:

`ΔV = -h*y^4 + (h^2/2)*(y^2 + (x + y^3)^2)`

पहिला तुकडा खरा, समीकरणातला. दुसरा पद्धतीने फुकटात आणलेला, आणि तो नेहमी धन. लहान अंतरावर तो जवळजवळ `h^2 * V` इतका आहे. आता एका फेरीची सरासरी काढ. त्रिज्या `r` असताना `y^4` ची सरासरी `(3/8) r^4` येते, कारण `sin^4` ची सरासरी 3/8. तुझ्या आकड्यांत, `r = 0.1` आणि `h = 0.01` ला, दर पावलाला ऊर्जेचा खरा तोटा `3.75e-7` आणि खोटी कमाई `5e-7`. खर्चापेक्षा मिळकत जास्त, म्हणून बिंदू बाहेर सरकतो. 0.5 ला खरा तोटा `2.3e-4` आणि खोटी कमाई `1.25e-5`. तिथे तोटा जिंकतो, म्हणून आत येतो. दोन्ही जिथे समान होतात ते `r^2 = 4h/3`. `h = 0.01` घाल: `r = 0.1155`. हेच तुझं वर्तुळ.

साधं घर्षण असतं, म्हणजे `y^3` ऐवजी `0.1*y`, तर इतकी लहान कमाई दिसलीही नसती. इथे ऊर्जेचा तोटा मूळबिंदूजवळ चौथ्या घाताने मरतो, म्हणून पद्धतीची छोटी चूकही तिथे राज्य करते. लिनिअरायझेशन जिथे गप्प बसतं, नेमक्या त्याच जागी ऑयलरही दगा देतो. दोन्हींचं कारण एकच: तिथे निर्णय पुढच्या घाताच्या पदाकडे असतो आणि ते पद नाजूक असतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. `h` एक चतुर्थांश कर, 0.0025, आणि `t = 2000` पर्यंत चालव. वर्तुळ खरं असेल तर जागचं हलणार नाही. खोटं असेल तर त्रिज्या निम्मी होईल.

---

जुना_बडोदेकर

मी गणिताचा माणूस नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं. पण 'विरोध', 'डोलणं' वाचून राहवलं नाही. आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरात दिवाणखान्यात झोपाळा आहे. पितळी कड्या, लाकडी फळी, आजोबांच्या वेळचा. इथे शेजारीपाजारी त्याला हिंचकोच म्हणतात. दुपारी उठताना एक हलका धक्का लागला तर तो बराच वेळ डोलत राहतो. आधी वाटतं कधी थांबतच नाही, आणि मग शेवटी एकदम थांबतो. तुम्ही लोक म्हणता तसा हळूहळू शून्याकडे जात नाही. पटकन थांबतो. आणि कधीकधी बरोबर मधे नाही थांबत, बोटभर पुढेच राहतो. हे तुमच्या V मध्ये बसतं का?

---

रावपुरा_चार

मृण्मयीताई, चालवलं! `h = 0.0025`, `t = 2000`: 0.058 च्या जवळ. निम्मं! माझी लिमिट सायकल पावलाबरोबर आकसतेय. दोन रात्री मी तिच्यावर स्लाइड बनवत होतो...

बरं मग खरं चित्र कसं काढायचं? `h` किती लहान करू?

---

मृण्मयी

`h` लहान करत बसू नकोस, वर्तुळ फक्त आत सरकेल, जाणार नाही. ती एक ओळ दोन ओळींत तोड:

```
    y = y - h*(x + y**3)
    x = x + h*y
```

आता `x` ला नवीन `y` मिळतो. एवढ्याशा बदलाने ती फुकटची कमाई नाहीशी होते, कारण घर्षण काढून टाकलं तर ही पद्धत वर्तुळाच्या अगदी जवळच्या एका लंबवर्तुळावर कायम राहते, बाहेर जात नाही. रुंगे-कुट्टा वापरलंस तरी चालेल.

आणि काय उत्तर यायला हवं ते आधी कागदावर काढून ठेव, म्हणजे पुन्हा फसणार नाहीस. त्याच सरासरीने `r' = -(3/8) r^3`, म्हणून `r(t) = r0 / sqrt(1 + 0.75*r0^2*t)`. `r0 = 0.1`, `t = 2000` ला मुळाखाली 16 येतात, `r = 0.025`.

बघ किती मंद आहे: दोन हजार सेकंदांत जेमतेम एक चतुर्थांश. साध्या घर्षणात निम्मं व्हायला दर वेळी तेवढाच वेळ लागतो. इथे प्रत्येक वेळी निम्मं व्हायला आधीच्या चौपट वेळ लागतो.

काका, तुमच्या झोपाळ्याकडे येते. तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे.

---

अनिकेत_फतेगंज

ताई, तुम्ही म्हणालात दोन गाठी. एक सुटली. दुसरी कुठली? `V' <= 0` झालं, V शून्यावर गेला, संपलं.

---

मृण्मयी

दुसरी गाठ तूच बांधली आहेस. "कमी होत होत शून्यावर जाणार" हे तू `V' = -y^4` वरून म्हणालास. ते त्यावरून निघत नाही.

हे घे: `x' = 0`, `y' = -y`. तीच `V = (x^2 + y^2)/2`. `V' = -y^2`. रावपुऱ्याच्या `-y^4` सारखंच: कधी धन नाही, आणि संपूर्ण x-अक्षावर शून्य. पण इथे (1,1) पासून निघालं तर (1,0) ला जाऊन बसतं आणि मूळबिंदूला कधीच येत नाही. V कमी झाला, 1 वरून अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

तर `V' <= 0` वरून एवढंच मिळतं की जवळून निघालेला जवळच राहील. मूळबिंदूलाच येईल हे त्यातून मिळत नाही. त्यासाठी बघावं लागतं की जिथे `V' = 0` आहे त्या जागी बिंदू मुक्काम करू शकतो का. रावपुऱ्याच्या समीकरणात x-अक्षावर, `x` शून्य नसताना, `y' = -x` आहे, म्हणजे शून्य नाही. बिंदू अक्षाला स्पर्श करतो आणि त्याच क्षणी पुढे निघतो. फेरीत दोन वेळा ऊर्जेची गळती क्षणभर थांबते, पण मुक्काम नाही. मुक्काम करता येईल अशी अक्षावरची एकमेव जागा म्हणजे (0,0). म्हणून तिथेच यावं लागतं. माझ्या उदाहरणात अख्खा अक्ष मुक्कामाचा होता.

हा युक्तिवाद लियापुनोवच्या 1892 च्या खार्किवच्या प्रबंधात नाही. तो बार्बाशिन आणि क्रासोव्स्की यांनी 1952 मध्ये मांडला आणि 1960 मध्ये लासालने व्यापक केला. म्हणून परीक्षेत "लियापुनोवच्या प्रमेयाने असिम्प्टोटिक स्थिर" असं लिहून मोकळे होणाऱ्यांचे मी गुण कापते. लियापुनोवच्या त्या प्रमेयाला `V'` मूळबिंदूखेरीज सगळीकडे ऋण हवा असतो, आणि `-y^4` तसा नाही.

---

रावपुरा_चार

अरे बापरे. मी सेमिनारच्या गोषवाऱ्यात अगदी तेच वाक्य लिहिलंय.

पण ताई, सर म्हणाले होते की लासाल न वापरता, थेट ऋण `V'` येईल असा V शोधता आला तर अधिक चांगलं. तसा असतो का? मी `x^2 + xy + y^2` करून पाहिला, `V'` मध्ये `y^2` धन येऊन बसतो.

---

मृण्मयी

द्विघाती पदं हलवलीस की तसंच होणार. वर्तुळात फिरवणारा भाग द्विघाताला फक्त गोल गोल फिरवतो, आणि वर्तुळ सोडून काहीही घेतलंस तर त्याचा बदल कधी धन कधी ऋण. मूळ ऊर्जा तशीच ठेव आणि चौथ्या घाताची एक छोटी दुरुस्ती जोड. तोटा चौथ्या घाताचा आहे, तेव्हा दुरुस्तीही त्याच घराण्यातली हवी. आपल्याला `-y^4` मधला थोडा भाग काढून x कडे द्यायचा आहे. `x^3*y` चा बदल `-x^4 + 3x^2y^2 + ...` येतो. `x^4` मिळाला, पण मधलं पद नकोय. `x*y^3` चा बदल `y^4 - 3x^2y^2 + ...`. दोन्हींची बेरीज केली की मधली पदं एकमेकांना खातात. अर्ध्या प्रमाणात जोड:

`W = (x^2 + y^2)(1 + xy)/2`

`W' = -(x^4 + y^4)/2 - (x^3*y^3 + 3*x*y^5)/2`

मागचा कंस सहाव्या घाताचा, मूळबिंदूजवळ चौथ्यापुढे फिका. जवळ म्हणजे किती? मी ढोबळ अंदाज काढला: `r` 0.7 पर्यंत असेल तर `W'` नक्की ऋण. W स्वतः `xy > -1` असेपर्यंत धन आहे, म्हणजे त्या वर्तुळात काळजी नाही.

पण ही खरेदी फुकट नाही. जुना V सगळ्या प्रतलावर चालतो, लासालसकट: कुठूनही निघा, मूळबिंदूला याल. W फक्त त्या छोट्या वर्तुळात. शुक्रवारी दोन्ही दाखव. आणि `W'` साधारण `-W^2` च्या प्रमाणात आहे, त्यावरून तो `1/sqrt(t)` वाला मंद वेगही सिद्ध होतो. लासालवरून वेग कळत नाही.

---

सेवउसळ

`(1 + xy)` सुचलं कसं हेच मला कळलं नाही, पण वाचायला मजा आली. रावपुरा, सेमिनार झाला की उसळ तुझ्याकडून.

---

अनिकेत_फतेगंज

ठीक, हरलो. पण काकांच्या झोपाळ्यावर मी करून बघितलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, ना? म्हणजे `x'' + (x')^2 + x = 0`. ऊर्जा घेतली: `V' = -y^3`. हा अर्धा वेळ धन, अर्धा वेळ ऋण! आता ना तुमचं लियापुनोव चालत, ना लासाल. म्हणजे काकांचा झोपाळा अस्थिर? :)

---

मृण्मयी

काकांचा झोपाळा सुखरूप आहे. तुझं समीकरण चुकलंय. विरोध नेहमी वेगाच्या उलट दिशेने हवा. `y^2` कायम धन, म्हणून तुझा "विरोध" पुढे जाताना अडवतो आणि मागे येताना पाठीमागून ढकलतो. झोपाळ्याला `y*|y|` हवं. मग `V' = -|y|^3`, आणि वरचा सगळा युक्तिवाद जसाच्या तसा लागू.

पण तू चुकून लिहिलेलं समीकरण झोपाळ्याइतकंच बघण्यासारखं आहे. तिथे यांत्रिक ऊर्जा खरंच उपयोगी नाही. म्हणून काही ठरत नाही असं मात्र नाही. ऊर्जेऐवजी ऊर्जेसारखं दुसरं काहीतरी शोधायचं. `u = y^2` घे आणि `u` ला वेळेऐवजी `x` चं फलन समज. `du/dx = -2x - 2u` येतं, हे अकरावी-बारावीतल्या पोरालाही सुटेल असं रेषीय समीकरण. सोडवलं की

`e^(2x) * (y^2 + x - 1/2)`

ही राशी कक्षेवर बदलत नाही. तिच्यात 1/2 मिळव. मूळबिंदूजवळ ती `x^2 + y^2` आणि पुढची छोटी पदं, म्हणजे धन. बदल शून्य. म्हणून बिंदू स्थिर, पण काहीच आत येत नाही, कक्षा बंद. इथे तुझं पहिलं "सेंटर आहे" हे वाक्य बरोबर ठरतं, फक्त चुकीच्या समीकरणासाठी आणि चुकीच्या कारणाने.

तीन समीकरणं, तिन्हींचं लिनिअरायझेशन एकच: `y' = -x - y^3` ला आत येतं, `y' = -x + y^3` ला बाहेर जातं, `y' = -x - y^2` ला जागेवर फिरतं.

---

जुना_बडोदेकर

सगळं कळलं असं म्हणत नाही, पण आत ढकलणं, बाहेर ढकलणं हे समजलं. माझ्या प्रश्नाचं काय? पटकन का थांबतो?

---

मृण्मयी

काका, तुमच्या कड्यांत दोन प्रकारचे विरोध आहेत. एक हवेचा, जो वेग कमी झाला की नाहीसा होत जातो. दुसरा कडी आकड्यात घासते तो, सुका. सुकं घासणं वेग कितीही कमी असला तरी तेवढंच राहतं. मोठ्या झोक्याला हवा जास्त खाते आणि लहान झोक्याला कडी. हवा एकटी असती तर झोपाळा अनंत काळ डोलत राहिला असता, कारण निम्मं व्हायला दर वेळी दुप्पट झोके लागले असते. कडी त्याला ठरावीक वेळात थांबवते.

आणि बोटभर पुढे थांबतो तेही बरोबर. सुकं घासणं असलं की समतोल हा एक बिंदू राहत नाही, एक छोटी पट्टी होते. त्या पट्टीत कुठेही तो थांबू शकतो. रावपुऱ्याचा V तिथे कमी होतो, पण शून्यावर जात नाही. अनिकेतला दिलेल्या उदाहरणासारखंच, फक्त अख्ख्या अक्षाऐवजी बोटभर पट्टी मुक्कामाची.

तुम्हाला मोजायचं असेल तर एक सोपी गोष्ट करा. फळीच्या कडेशी जमिनीवर खडूने खुणा करा: मधली, मग 5, 10, 20, 40 सेंटीमीटर. 40 ला धरून सोडा आणि प्रत्येक निम्म्याला किती झोके लागले ते मोजा.

---

जुना_बडोदेकर

मोजलं. नातू खडू घेऊन बसला होता, मी मोजत होतो. तीन वेळा केलं, एखाददुसऱ्या झोक्याचा फरक येतो.

40 ते 20: 11 झोके.
20 ते 10: 13 झोके.
10 ते 5: 10 झोके.
5 ते थांबेपर्यंत: 11, आणि मधल्या खुणेपासून बोटभर पुढे.

दुप्पट काही होत नाही. मग हवा कुठे गेली?

---

मृण्मयी

काका, सुंदर आकडे आहेत. नुसती हवा असती तर 11, 22, 44 आले असते. नुसती कडी असती तर 11, साडेपाच, पावणेतीन. तुमचे आधी वाढले आणि मग कमी झाले. सुरुवातीला हवा झोके वाढवत होती, 10 च्या आसपास कडीने ताबा घेतला. हवा आणि कडी दोन्ही धरून मी हिशोब केला तर 11, 12.6, 9.6 आणि शेवटचे 11 असं जुळतं.

---

अनिकेत_फतेगंज

ताई, पण त्यात साधा, वेगाच्या प्रमाणातला विरोधही असेल. कड्यांना तेल घातलेलं असतं. तो धरला तर आकडे वेगळे जुळतील, आणि मग लिनिअरायझेशनच पुरेल की.

---

मृण्मयी

तेलाचा असेल, नाकारत नाही. चार आकड्यांवरून तीन विरोध वेगळे काढायला मी धजावणार नाही. पण "लिनिअरायझेशन पुरेल" हे नाही. सुक्या घर्षणाचं चिन्ह `y = 0` ला उडी मारतं, तिथे अवकलजच नाही. लिनिअरायझेशन तिथे गप्प नसतं, ते अस्तित्वातच नसतं.

---

जुना_बडोदेकर

तेल घातलेलं नाही. गेल्या दिवाळीत घातलं होतं, एरंडेल, आता सुकलंय. उद्या घालून पुन्हा मोजतो. नातवाला खडू ठेवायला सांगितलाय.

---

रावपुरा_चार

काका, ते आकडे शुक्रवारी स्लाइडवर घेऊ का? तुमचं नाव नाही टाकत, "दांडिया बाजारमधला एक झोपाळा" म्हणतो.

ताई, दोन ओळींचा बदल करून `t = 2000` ला चालवलं. 0.025. गोषवाऱ्यातलं वाक्यही बदललं.